वीर्य तपासणीचा रिपोर्ट हातात आला, मग पुढं काय केलं? अनुभव सांगा

जालन्याहून, धागा काढणारा

लग्नाला साडेतीन वर्षं झाली. बायकोच्या तपासण्या नीट आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी लिहून दिली. मी रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ असतो. सप्टेंबरातल्या रिपोर्टात वीर्य ०.९ मिली, एका मिलीत ४० लाख शुक्राणू आणि पुढं सरकणारे १२ टक्के. कागदावर खाली "२० मिलियनच्या वर नॉर्मल" असं छापलेलं, म्हणजे २ कोटी. चार दिवस कुणाशी बोललो नाही. घरी म्हणलं, मशीन बिघडली.

बाई म्हणाल्या, आत्ता औषध नाही, तीन महिन्यांनी परत कर. डिसेंबरात २.२ मिली, एका मिलीत २ कोटी १० लाख आणि पुढं सरकणारे ३४ टक्के आले. मधी मी कामाची जागा बदलून घेतली आणि गुटखा सोडला. नेमकं कशानं सुधारलं? तुमचं कसं झालं, मोकळेपणानं लिहा.

संभाजीनगरहून, लॅबमध्ये तपासणारा

दादा, दोन गोष्टी विचारतो. पहिल्या वेळी डबीत सगळं पडलं होतं का? आणि त्याआधी ताप येऊन गेला होता का?

जालना

सुरुवातीचं थोडं सांडलं होतं, लाजेनं सांगितलं नाही. आणि पोळ्याच्या सुमारास डेंग्यू झालता.

संभाजीनगर, लॅब

मग उत्तर बरंचसं तिथंच आहे. सुरुवातीच्या थेंबांतच शुक्राणू सगळ्यांत दाट असतात. ते सांडलं की प्रमाणही घटतं आणि आकडाही. सांडलं तर सांगायचं, आम्ही रिपोर्टावर तशी नोंद करतो.

दुसरं, शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. जोराच्या तापाचा फटका पुढचे दोन-तीन महिने दिसतो. सप्टेंबरात तुम्ही तापातलं पीक मोजलं. भट्टी आणि गुटख्याचा वाटा किती, ते या दोन कागदांवरून नाही सांगता येणार.

आणि २ कोटींची मर्यादा जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात ती १ कोटी ६० लाख, वीर्य १.४ मिली आणि पुढं सरकणारे ३० टक्के आहेत. तीही पास-नापासाची रेघ नाही. मूल झालेल्या पुरुषांतही पाच टक्के त्याच्या खाली असतात. नुसता काउंट बघू नका, तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा. तुमचे पुढं सरकणारे एकूण सव्वाचार लाखांच्या जरा वर होते, आता दीड कोटीच्या वर आहेत.

लातूरहून

लै अवघड करू नका. मी अश्वगंधाचं चूर्ण दुधातून घेतलं, गरम पाण्याची अंघोळ बंद केली, तीन महिन्यांत काउंट दुप्पट. माझ्या मते सगळ्यांनी हेच करावं.

संभाजीनगर, लॅब

उष्णतेचं बरोबर आहे, टबात बसणं टाळावंच. पण एकाच माणसाचे दोन नमुने काही न करताही दुप्पट-निमपट येतात. चूर्णाआधी किती रिपोर्ट होते?

लातूर

एकच. पण गुण आला म्हणलं ना!

बीडहून, एक वहिनी

आमच्याकडं आधी तीन वर्षं माझ्याच तपासण्या झाल्या, नळीत औषध सोडून एक्स-रेसुद्धा. सासूबाईंनी नवस केले. ह्यांनी एकदा डबी दिली असती तर हे वाचलं असतं. काउंट ७० लाख निघाला, दोनदा. मग सर्जननं उभं करून, खोकायला लावून हातानं तपासलं. डाव्या बाजूला फुगलेल्या शिरांचा गुंता, व्हेरिकोसील. डॉक्टर म्हणाले, नुसत्या सोनोग्राफीत दिसलं आणि हाताला लागलं नाही तर शस्त्रक्रिया करत नाहीत, ह्यांचं लागत होतं. शस्त्रक्रिया केली, सहा महिन्यांनी काउंट १ कोटी ८० लाख. दिवस मात्र राहिले नाहीत. मी ३४ ची आहे. आता आययूआय, म्हणजे वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं, करायचं की अजून थांबायचं, ह्यावर रोज वाद.

परभणीहून, जिमवाला

प्रश्न ताकदीचा असेल तर माझं चांगलंय. जिममधल्या एकानं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, आठ महिने घेतली. बॉडी झाली. लग्नानंतर तपासलं तर शून्य. शून्य कसं येईल, अंगात तर जोर आहे!

संभाजीनगर, लॅब

भाऊ, जोर आणि शुक्राणू वेगळे. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणाला कामाचा हुकूमच पाठवत नाही. इंजेक्शनं बंद करा, पण युरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली. बहुतेकांचं परत सुरू होतं, पण सहा महिने-वर्षही लागतं. आणि शून्य आलं तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळ बघितला का, ते विचारा.

परभणी

बंद करून पाच महिने झाले. आता ३० लाख आलेत. बायकोला इंजेक्शनाचं अजून सांगितलेलं नाही.

बीड

दादा, आज सांगा. नाहीतर नळीत औषध सोडायला उद्या तिला नेतील.