मदत हवी आहे: ४ मीटर काळी माती, रिपोर्ट म्हणतो ९ वर्षं, माझ्या हिशेबाने सव्वादोन. कुणाचं बरोबर?

साइटवरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाकडच्या पट्ट्यात गोडाऊनचं काम चालू आहे, मी तिथे साइट इंजिनीअर आहे. जमीन सखल, म्हणून ३ मीटर मुरमाचा भराव केलाय. खाली ४ मीटर काळी चिकणमाती, पाणी जवळपास जुन्या जमिनीच्या पातळीलाच. कॉलम खडकावर घेतलेत, त्यांची चिंता नाही. प्रश्न फ्लोअरचा आहे, कारण तो भरावावरच बसणार.

सॉईल रिपोर्टमध्ये एकूण सेटलमेंट १६० मिमी दिलंय आणि ९० टक्के व्हायला ९ वर्षं लागतील असं लिहिलंय. लॅबचे आकडे माझ्याकडे आहेत: नमुना २० मिमी जाड, वर आणि खाली दोन्हीकडे सच्छिद्र दगड, ९० टक्क्यांना ३० मिनिटं. त्यावरून मी केलेला हिशेब:

```
cv = 0.848 × 10² / 30 = 2.83 mm²/min ≈ 1.49 m²/year
t90 = 0.848 × 2² / 1.49 ≈ 2.3 years
```

रिपोर्टमध्येही सीव्ही १.४९ च आहे. मग चौपट फरक कुठून आला? मालकाला पावसाळ्यानंतर ट्रिमिक्स करायचंय. भराव पूर्ण होऊन सहा महिने झाले, प्लेटांवर सरासरी ५५ मिमी सेटलमेंट आलंय.

बंगला_पाचगाव

काळ्या मातीचा नाद करू नका. आमच्या बंगल्याला दर उन्हाळ्यात भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडते आणि पावसाळ्यात परत मिटते. आम्ही शेवटी काळी उकरून मुरूम भरला. तुम्हीही तेच करा, हिशेब कशाला पाहिजे?

डंपर_कोल्हापूर

भावा, सोपं आहे. वर अजून दीड मीटर मुरूम टाक. वजन वाढलं की माती लवकर बसते. नऊ वर्षांचं दोन वर्षांत होईल. आणि हो, ड्रेनेज पाथ कायम जाडीच्या निम्माच घ्यायचा असतो, त्यामुळे तुझा हिशेब बरोबर.

मातीपरीक्षा

पाचगावकर, तुमचा त्रास खरा आहे, पण तो वेगळा. तुमच्याकडे पाण्याच्या पातळीच्या वरची माती सुकते आणि फुगते. इथे माती बारमाही पाण्यात आहे, वरच्या वजनाने तिच्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतंय. ४ मीटर उकरायचं म्हणजे पाण्याखाली उकरायचं.

पोरा, तुझ्या आणि रिपोर्टच्या हिशेबात एकाच गोष्टीचा फरक आहे: तू पाण्याला दोन दरवाजे दिलेस, त्यांनी एकच दिला. लॅबमध्ये २० मिमीच्या नमुन्याला वर-खाली दगड होते, म्हणून मधल्या थेंबाला १० मिमीच चालायचं होतं. ते १० घेतलंस ते बरोबर. पण साइटवर तू २ मीटर घेतलेस, म्हणजे मातीच्या तळातूनही पाणी निघतं असं धरलंस. त्यांनी तळ बंद धरला, म्हणजे तळाशी असलेल्या पाण्याला पूर्ण ४ मीटर वर चढून भरावातून निघायचंय. अंतर दुप्पट, वेळ चौपट.

चौपट का, हे एकदा नीट बघ. तळ बंद केला की प्रत्येक दरवाज्यावर दुप्पट जाडीच्या मातीचं पाणी येतं. शिवाय तोच दाब आता दुप्पट लांबीवर पसरतो, म्हणून पाण्याला ढकलणारा उतार निम्मा होतो. दुप्पट पाणी, निम्मा वेग. म्हणून सूत्रात वर्ग आहे.

```
t90 = 0.848 × 4² / 1.49 ≈ 9.1 years
```

तेव्हा गणित दोघांचंही बरोबर आहे. मातीखाली काय आहे, हा खरा प्रश्न. दोन गोष्टी सांग: बोअर लॉगमध्ये काळ्या मातीच्या लगेच खाली काय लिहिलंय? आणि प्लेटांची सरासरी नको, प्रत्येक प्लेटचा आकडा वेगळा दे.

साइटवरचा_पोरगा

मॅडम, दोन बोअर आहेत. रस्त्याकडच्या बोअरमध्ये काळ्या मातीखाली ६० सेंटिमीटर पिवळा मुरूम, मग खडक. नदीकडच्या बोअरमध्ये काळी माती थेट कठीण काळ्या खडकावर बसलीय, कोअर जवळजवळ अखंड आलाय. मातीची जाडी दोन्हीकडे ४ मीटरच्या आसपासच.

प्लेटाही दोनच. रस्त्याकडे ७१ मिमी, नदीकडे ३८.

मातीपरीक्षा

बघ, सरासरीत काय गडप झालं होतं! आता सहा महिन्यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी करू. निम्म्याच्या आसपास कन्सॉलिडेशन होईपर्यंत हे छोटं सूत्र चालतं:

```
Tv = cv × t / H²
U  = √(4 × Tv / π)

H = 2 m : Tv = 0.186, U = 49 %  → 78 mm
H = 4 m : Tv = 0.047, U = 24 %  → 39 mm
```

तुझे आकडे ७१ आणि ३८. म्हणजे रस्त्याकडे माती दोन्ही बाजूंनी निथळतेय आणि नदीकडे फक्त वरून, असं दिसतंय. हे खरं असेल तर मोठं दुखणं नऊ वर्षं की सव्वादोन वर्षं हे नाही. एकाच गोडाऊनची एक बाजू भराभर बसतेय आणि दुसरी रेंगाळतेय. पुढच्या पावसाळ्यानंतर अखंड फ्लोअर टाकलास तर रस्त्याकडची बाजू थांबत आली असेल आणि नदीकडची कित्येक वर्षं खाली जात राहील. फ्लोअर तिरका होईल आणि मधे कुठेतरी फाटेल.

डंपर साहेब, ‘कायम निम्मा’ हे फक्त वर-खाली दोन्हीकडे पाणी सोडणारा थर असेल तरच. वजनाचं तुमचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. जादा मुरमाने टक्के लवकर वाढत नाहीत. वेळेच्या सूत्रात वजन येतच नाही. पण मिलिमीटर लवकर मिळतात. दीड मीटर जादा टाकला तर अंतिम सेटलमेंट ढोबळमानाने १६० चं २४० होईल. आपल्याला फ्लोअरखाली २५ मिमी शिल्लक चालत असतील, तर १३५ मिमी झाले की जादा मुरूम काढून घ्यायचा. १६० पैकी १३५ म्हणजे ८४ टक्के, पण २४० पैकी १३५ म्हणजे फक्त ५६ टक्के. दोन्हीकडून निथळणाऱ्या बाजूला पावणेदोन वर्षांऐवजी आठ महिने, तेही जादा मुरूम पहिल्या दिवसापासून असता तर. बंद तळाच्या बाजूला सात वर्षांऐवजी अडीच-पावणेतीन. आणि मऊ मातीवर भरावाची कड घसरत नाही ना, हे तपासल्याशिवाय एक ट्रिपसुद्धा टाकू नका.

डंपर_कोल्हापूर

हे पटलं. म्हणजे नदीकडे मुरमाने भागणार नाही, खाली पाण्याला वाट पाहिजे.

मातीपरीक्षा

बरोबर. तिथे उभ्या पट्टीच्या ड्रेनचा विचार करावा लागेल. मग पाणी ४ मीटर वर चढण्याऐवजी आडवं अर्धा-पाऊण मीटर गेलं की पट्टीत शिरतं. पण तो खर्च करण्याआधी निदान पक्कं करा.

पुलाखालचं_पाणी

मी धरणाच्या कामावर होतो, म्हणून एक शंका. मॅडम, ७१ मिमीवरून तळ उघडा आहे असं कसं म्हणता? रिपोर्टचे १६० च चुकीचे असले तर? समजा त्या बाजूला खरं सेटलमेंट २९० मिमी आहे आणि तळ बंद आहे. तरी सहा महिन्यांत २४ टक्क्यांनी ७० च येतात.

मातीपरीक्षा

शंका अगदी रास्त, आणि एका तारखेच्या आकड्यावरून ती फिटतही नाही. सुरुवातीला दोन्ही शक्यतांत सेटलमेंट वेळेच्या वर्गमुळाप्रमाणेच वाढतं, त्यामुळे आलेख सारखेच दिसतात. फरक कळतो तो रेघ वाकते तेव्हा. पोरा, आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ आणि उभ्या अक्षावर सेटलमेंट घेऊन सगळी रीडिंग मांड. साठ टक्क्यांच्या आसपास सरळ रेघ सुटते. तळ उघडा असेल तर रस्त्याकडची रेघ नऊ महिन्यांच्या सुमाराला, म्हणजे अजून तीनेक महिन्यांत, वाकायला लागेल. बंद असेल तर तीन वर्षं सरळच जाईल. वेळ मोजताना भराव टाकण्याच्या काळाच्या मध्यापासून मोज.

थांबायचं नसेल तर पिझोमीटर. दोन्ही बोअरजवळ मातीच्या अगदी तळाशी टोक ठेवून एकेक. भरावाचा दाब ३ × १८ म्हणजे ५४ किलोपास्कल, पाण्याच्या भाषेत साडेपाच मीटर. तळ बंद असेल तर सहा महिन्यांनंतरही तो दाब तिथे जवळजवळ पूर्ण शिल्लक असतो, मधलं पाणीच अजून निघालेलं नसतं. नळीत पाणी भरावाच्या माथ्याच्याही दोन-अडीच मीटर वर चढायला बघेल, म्हणून नळी उंच ठेव किंवा वर गेज लाव. तळ उघडा असेल तर पाणी आजूबाजूच्या विहिरीच्या पातळीलाच थांबेल.

रस्त्याकडच्या ६० सेंटिमीटर मुरमावरही आंधळा विश्वास नको. तो थोड्या अंतरावर संपत असेल, चारी बाजूंनी काळ्या मातीत कोंडलेला असेल, तर त्यात आलेलं पाणी जाणार कुठे? लॉगमध्ये मुरूम दिसतो, तो बाहेर कुठे उघडतो हे दिसत नाही. पिझोमीटर मात्र ते सांगतो.

पुलाखालचं_पाणी

अजून एक. पूर आला तर? २०१९ ला त्या पट्ट्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

मातीपरीक्षा

पुराचं पाणी भरावाच्या माथ्यापर्यंत उभं राहिलं तर भराव तरंगत्या वजनाचा होतो, ५४ चे तीसच्या आसपास राहतात. त्या दिवसांत सेटलमेंट मंदावेल. ती सपाट रेघ बघून ‘बसायचं थांबलं’ असं मालकाला सांगू नकोस. पुराच्या काळातली रीडिंग वेगळ्या रंगात मांड.

साइटवरचा_पोरगा

वर्गमुळाचा आलेख काढला. दोन्ही रेघा अजून सरळच आहेत, रस्त्याकडची शेवटी किंचित वाकल्यासारखी वाटतेय, पण ते लेव्हलच्या रीडिंगमधलं मागेपुढेही असू शकेल. दोन पिझोमीटरचं मालकाला विचारलं. ते म्हणतात, मग रस्त्याकडचा अर्धा फ्लोअर तरी आत्ता टाकू, मधे जॉइंट ठेवू.

मातीपरीक्षा

आज त्या बाजूला तरी काय शिल्लक आहे? १६० वजा ७१ म्हणजे ८९ मिमी. आणि तळ बंद निघाला तर दोनशेच्या वर. जॉइंटने दोन बाजू सुट्या होतील, त्या अर्ध्याचं बसणं काही थांबणार नाही. शिवाय मुरमाचा थर जॉइंटच्या रेषेवरच संपतो असं थोडंच आहे? आधी दोन बोअरच्या मधे तिसरं भोक घ्या. ट्रिमिक्सच्या एका पट्ट्यापेक्षा स्वस्त पडेल.

साइटवरचा_पोरगा

तिसऱ्या भोकाला हो म्हणाले. मशीन सोमवारी येतंय. लॉग आला की इथेच टाकतो.