मदत हवी आहे: चामड्याच्या बॅगेचा पट्टा तुटलाय, मामा म्हणतात संध्याकाळ होईल, थांबू का?

रानवाट (सकाळी 10:40)
लवकर सांगा कुणीतरी प्लीज. कोल्हापुरात आहे आणि रात्रीची महालक्ष्मी पकडायचीय. बॅगेचा पट्टा तुटला म्हणून स्टँडजवळ फुटपाथवर एक मामा चपला शिवायला बसतात त्यांच्याकडे दिली, मला वाटलं दोन टाके मारतील आणि देतील. तर त्यांनी होती ती शिवणसुद्धा सगळी उसवली आणि म्हणाले संध्याकाळी पाचला या. मी म्हटलं रिव्हेट ठोका दोन, तर म्हणाले, "रिव्हेट मारणार न्हाई ताई, मारायचं आसंल तर दुसऱ्याकडं न्या." समोर एक मशीनवालं दुकान आहे, तो पंधरा मिनिटांत करून देतो म्हणतोय. बॅग माझी फार लाडकी आहे, हिच्याशिवाय मी कुठेच जात नाही. काढून घेऊ की थांबू?

खटपट्या
फोटो टाका. पट्टा नेमका कुठे तुटला, मध्ये की कडीपाशी? आणि खरं चामडं आहे का रेक्झिन?

सुमित७७
यात विचारायचं काय आहे, दुकानात न्या. माझ्या लॅपटॉप बॅगेला दोन रिव्हेट मारून तीन वर्षं झाली, हलली पण नाही. रस्त्यावरचे लोक बाहेरगावचं गिऱ्हाईक बघून वेळ काढतात आणि मग पैसे वाढवतात.

रानवाट
खरं चामडं, धारावीतल्या दुकानातून 2011 साली घेतलेली, पहिल्या पगारातून. फोटो आत्ता जमणार नाही, बॅग मामांकडे आहे आणि मी चहाच्या टपरीवर. पट्टा तसा धड आहे हो, तो बॅगेला जिथे शिवलाय तिथलं बॅगेचंच चामडं गेलंय. टाक्यांच्या रेषेतून सरळ फाटलं.

खटपट्या
म्हणजे पट्टा तुटलाच नाही! हे पहिल्या ओळीत सांगायचं ना.

कातडंकाम
मी बावीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात काढलीत, म्हणून लिहितो. टाक्यांच्या रेषेतून फाटलं याचा अर्थ त्या भोकांमधलं चामडं संपलं. पोस्टाच्या तिकिटाला कसं भोकांवरून अलगद फाडता येतं, तसंच झालंय. आता त्याच जागी परत शिवलं की आणखी भोकं पडणार आणि महिन्याभरात परत हातात येणार. मामांनी उसवलं ते बरोबर केलं. आतून नवं कातडं लावून शिवण पुढे, शाबूत जागेत न्यावी लागते. त्यांनी टाके कापून काढले का एकेक करून उपसले, बघितलंत का?

रानवाट
एकेक करून. आरीच्या टोकाने प्रत्येक टाका उचलत होते आणि मधेच थांबून भोकाकडे बघत होते. तेव्हाच मला वाटलं की हे उगाच वेळ लावतायत.

कातडंकाम
तिथून हलवू नका बॅग.

सुमित७७
कारखान्यातली गोष्ट वेगळी. तिला ट्रेन पकडायचीय. रिव्हेट मजबूत असतो हे तुम्ही नाकारू शकत नाही.

कातडंकाम
रिव्हेट मजबूतच असतो, फाटतं ते कातडं. तुमच्या लॅपटॉप बॅगेला रिव्हेट बहुतेक पट्ट्यावर असेल, तिथे जाड दुहेरी थर असतो म्हणून टिकला, तिथे मीही मारला असता. इथे बॅगेच्या अंगाचं कातडं आहे, जेमतेम दोन मिलिमीटर, त्यातून चौदा-पंधरा वर्षं जुनं. सगळं वजन दोन भोकांवर येणार. आणि मशीनचं म्हणाल तर अस्तर न उसवता मशीनचा पाय आत जाणारच नाही, तो सरळ अस्तरासकट शिवेल. ताई, त्या जागी आतून कप्पा आहे का?

रानवाट
आहे, चेनचा. त्यातच तिकीट-आधार ठेवते.

कातडंकाम
तो कप्पा शिवून बंद झाला असता मग.

मीनलताई_सांगली
कोल्हापुरात आहात तर चप्पल नक्की घ्या, पण करकरणारी घेताना आधी घालून दहा पावलं चालून बघा. मागच्या वर्षी मी घेतलेलीचा अंगठा दोन महिन्यांत निघाला, पावसात घातली होती म्हणा. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड वगैरे, म्हणजे आमच्या सांगलीचीही तेवढीच अस्सल.

खटपट्या
ताई, प्रश्न बॅगेचा आहे.

मीनलताई_सांगली
चामडं चामडंच की. आणि बॅगेला आत्ताच खोबरेल चोळून द्या मामांकडे, मऊ पडेल, सुई सुखासुखी जाईल. आमच्या आजोबांच्या बैलांच्या साजाला तेलच लावायचे.

कातडंकाम
नको! शिवायच्या आधी तेल अजिबात नको. तेलकट कातड्यावर सोल्युशन धरत नाही, थिगळ सुटून येईल. साजाला लावायचे ते वेगळं, तो जाड पट्टा असतो आणि रोज वापरात असतो. एक सांगा रानवाट, बॅग हल्ली भिजली होती का? चौदा वर्षं टिकलेली शिवण एकदम एका दिवसात जात नाही सहसा.

रानवाट
हो, परवा पन्हाळ्यावर पूर्ण भिजली. तसं काही नाही झालं, रात्री हॉटेलवर हेअर ड्रायर मारून वाळवली, सकाळी कडक झालेली वाटली थोडी. त्याचा काय संबंध?

कातडंकाम
सगळा संबंध तोच आहे. ओल्या कातड्याला गरम हवा दिली की ते आक्रसतं आणि ताठरतं. दोरा आक्रसत नाही, मग भोकाच्या कडा दोऱ्यावर घासून चिरतात. त्यात तुम्ही सामान भरून खांद्याला लावली. वरून वाळल्यासारखी वाटते पण दोन थरांच्या मध्ये ओल राहते, आणि त्या ओलीवर सोल्युशन लावलं तर साय धरल्यासारखं नुसतं वर बसतं. मामा पाच का म्हणाले ते मला वाटतं तेच. विचारा त्यांना.

रवीकिरण_दुबई
उन्हात ठेवा की मग तासभर, ओल जाईल. आम्ही बूट तसेच वाळवायचो.

कातडंकाम
ऊनही नको. सावलीत, वाऱ्याला.

रवीकिरण_दुबई
आमच्या बुटांना कधी काही झालं नाही.

रानवाट (दुपारी 1:15)
परत जाऊन बसले त्यांच्याजवळ. त्यांनी एक पोतं पुढे सरकवलं बसायला. बॅग छत्रीच्या काडीला उलटी टांगलेली, तोंड उघडं, अस्तर बाहेर ओढलेलं, आत वर्तमानपत्राचे बोळे. दर थोड्या वेळाने बोळे बदलतायत, काढलेला बोळा हातात दाबून बघतात. मी विचारलं ओल आहे का, तर उसवलेली कड त्यांनी सरळ गालाला लावली आणि म्हणाले, "आत गार लागतंय अजून. गार लागतंय तवर सोल्युशन लावायचं न्हाई." मग माझ्याही हातात दिली. बोटाला काही कळलं नाही, गालाला लावल्यावर खरंच गार लागलं. मला सकाळीच सांगायचं ना म्हटलं, तर म्हणाले, "तुमी गडबडीत हुता."

थांबतेय मी. सुमित, पैसे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलेत, 180. वाढवले नाहीत.

खटपट्या
आता शिवताना बघून ठेवा आणि लिहा इथे, मलाही एक जुनी सॅक करायचीय.

रानवाट (रात्री 9:30, गाडीतून)
मिळाली बॅग! सविस्तर लिहिते, खटपट्यांनी विचारलंय आणि मलाही लिहून ठेवायचंय.

तीनच्या सुमाराला गालाला गार लागेनासं झालं. मग त्यांनी डब्यातून चार-पाच तुकडे काढले, माझ्या बॅगेशेजारी धरून वाकवून बघितले आणि सगळ्यात जाड तुकडा बाजूला टाकून मधला घेतला. मला वाटलं जाड चांगला, तर म्हणाले जाड लावलं की त्याच्या कडेला जुनं कातडं मुडपतं आणि तिथं नवीन फाटतं. तो तुकडा दगडावर ठेवून रापीने चारी कडा तासल्या, इतक्या की कड कागदासारखी झाली आणि मध्ये जाडी तशीच. आतून हात फिरवला तर थिगळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. दोन्हीकडे सोल्युशन लावून तसंच उघडं ठेवलं, बोटाची पाठ टेकवून बघायचे, चिकटेनासं झाल्यावर जोडलं आणि हातोडीने हलके ठोकलं.

मग दोरा. मेणाच्या काळ्या खड्यावरून चार-पाच वेळा ओढला, तेव्हा त्याचा आवाज बदलतो, आधी सळसळ आणि मग घट्ट किर्र असा. आरी वरून आत घालायची, खालच्या हाताने दोरा तिच्या खाचेत अडकवायचा, फास वर काढायचा, त्यातून दोऱ्याचं दुसरं टोक ओवायचं आणि दोन्ही हातांनी आवळायचं. प्रत्येक टाक्याला हेच. खालचा हात पूर्ण वेळ बॅगेच्या आत, दिसत नाही, तरी दोरा बरोबर खाचेत सापडत होता. मशीनचे होते त्याच्या जवळपास निम्मेच टाके आहेत आता. जुनी भोकं त्यांनी तशीच सोडली, शिवण अर्धा इंच खाली आणली.

मधे एक मुलगा चप्पल घेऊन आला, त्याचं करून दिलं, परत माझ्या बॅगेवर आले तेव्हा शेवटचे दोन टाके त्यांनी स्वतःच उसवले. मी म्हटलं चांगले दिसत होते की, तर म्हणाले सैल पडले. साडेपाच वाजले. 200 दिले, 20 परत केले, घेईनात.

सुमित७७
बरं झालं. माझं मत अजून तेच आहे की पट्ट्याला रिव्हेट चालतो.

कातडंकाम
पट्ट्याला चालतो, मीही तेच म्हटलं. रानवाट, दोन दिवस वजन घालू नका. तेल आठवड्याने, फडक्यावर चार थेंब, तेवढंच. जास्त झालं की कातडं लोळतं आणि भोकं सैल होतात.

मीनलताई_सांगली
खोबरेलच ना पण?

कातडंकाम
मी खोबरेल वापरत नाही, थंडीत गोठतं आणि डाग राहतो. बुटांचं बिनरंगी पॉलिश मिळतं ते बरं.

मीनलताई_सांगली
आमच्याकडे पन्नास वर्षं खोबरेलच आहे.

रानवाट (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. बॅग रोज वापरतेय, पाण्याची बाटली आणि पुस्तकं घालून, शिवण जागची हललेली नाही. प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. तीही तेव्हाच भिजली होती, शिवण जुनीच आहे. आधीच करून घ्यावी का फाटेपर्यंत थांबावं?

रवीकिरण_दुबई
चांगली असेल तर कशाला उसवता.

कातडंकाम
उजेडात पट्टा थोडा ओढून टाक्यांची भोकं बघा. गोल असतील तर राहू दे. वजनाच्या दिशेने लांबट झाली असतील तर पुढचा पाऊस निघणार नाही.

रानवाट
बघितलं आत्ता. वरची गोल आहेत. खालची तीन लांबट झालीत, एकाची कड चिरलीय. महिनाअखेरीला कोल्हापूरला जायचंय, या वेळी सकाळच्या पहिल्या गाडीने जाते.