चार वाट्यांना आठ वाट्या पाणी नको

> एका वाटीला दोन वाट्या पाणी घालून भात मोकळा होतो. गणेश चवथीला चार वाट्यांना आठ घातलं तर गिच्च गोळा. असं का?

सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ साधारण स्वतःइतकंच पाणी पितो, उरलेलं वाफेने जातं. ती वाफ तांदळावर नाही, टोपाच्या तोंडावर आणि शिजण्याच्या वेळेवर ठरते. तुमच्या छोट्या टोपात एक वाटी उडाली. मोठ्यात फार तर दीड. म्हणजे साडेपाच वाट्या पुरे होत्या. जादा अडीच वाट्यांत दाणे फुटले, आतला स्टार्च बाहेर आला आणि भात चिकटला. धुतलेले तांदूळ चाळणीत निथळा, तेही पाणी मोजण्यात येतं. वर भोकं दिसली की मी आच बंद करते आणि दहा मिनिटं झाकण उघडत नाही. उकड्याला मात्र हे माप नको, तो भरपूर पाण्यात शिजवून पेज गाळलेलाच बरा.