ग्राहकाचे जादा आलेले पैसे परत करताना: तुमचे अनुभव

एकाच बिलाचे पैसे दोनदा आले, तर मेल कसा लिहिता? कसं लक्षात आलं आणि परत कधी मिळतील, हे ग्राहकाला पटेल असं कसं सांगता? अनुभव लिहा.

खोकेवाला
आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा. एका गिऱ्हाईकाचं बिल १८,२९० चं. मालकांनी ३ तारखेला यूपीआयने भरलं, त्यांच्या अकाउंटंटने ५ तारखेला एनईएफटीने. महिनाअखेरीस बँक स्टेटमेंट टॅली करताना त्यांच्या खात्यावर तेवढीच रक्कम जमा बाजूला उरलेली दिसली. आधी जुनी बाकी तपासली, ती नव्हती. मग हा मेल:

"बिल क्र. ११२ चे १८,२९० रुपये ३ तारखेला यूपीआयने व ५ तारखेला एनईएफटीने, असे दोनदा जमा झाले आहेत. महिन्याचा ताळमेळ घेताना हे लक्षात आले. दोन्हींचे व्यवहार क्रमांक व खातेउतारा सोबत जोडला आहे. ५ तारखेची रक्कम ज्या खात्यातून आली, त्याच खात्यात परत करू. त्या खात्याचा रद्द केलेला चेक पाठवावा. तो मिळाल्यावर दोन कामाच्या दिवसांत रक्कम पाठवून यूटीआर कळवू."

चेक मागावा लागतो, कारण आमच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पूर्ण खाते नंबर नाही.

सासवडकर
एनईएफटी आता रात्रंदिवस चालते, दोन दिवस कशाला? आणि सरळ क्रेडिट नोट काढा की.

खोकेवाला
एनईएफटी चालते हो, पण नवीन खातं जोडलं की आमची बँक पहिल्या दिवशी मोठी रक्कम सोडत नाही. म्हणून "आज पाठवतो" असं लिहीत नाही.

जमाखर्च
क्रेडिट नोट नको. तिने विक्री आणि जीएसटी दोन्ही कमी होतात. इथे बिल बरोबरच आहे, फक्त पैसे दोनदा आलेत. पेमेंट व्हाउचर काढायचं, पार्टीच्या नावे. आणि परतीचा निरोप आला म्हणून लगेच पैसे सोडू नका. "चुकून जास्त पाठवले, या दुसऱ्या नंबरवर परत करा" असे फोन येतात. कधी पैसे आलेलेच नसतात, फक्त खोटा एसएमएस असतो. बँकेत लॉगिन करून बघायचं, आणि नवा खाते नंबर मेलवर आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोनवर विचारून खात्री करायची.

मीनाताई_पुणे
माझं उलटं आहे. एका दुकानातून कार्डाचा रिफंड यायचाय, आठवडा झाला. कोणाला मेल करू?

जमाखर्च
ताई, दुकानाकडून एआरएन, म्हणजे कार्डाच्या रिफंडचा व्यवहार क्रमांक, मागा आणि तो कार्डाच्या बँकेला द्या. स्टेटमेंटही बघा, कधी रिफंड येऊन बाकीतून वजा झालेला असतो.

सासवडकर
बरं, क्रेडिट नोट नको. पण नेहमीच्या गिऱ्हाईकाचे पैसे पुढच्या बिलात वळते करायला काय हरकत?

खोकेवाला
त्यांनी लेखी सांगितलं तर करतो. आमचा भागीदार म्हणतो, सांगितलं तरी परतच करावं. यावर आमचं अजून जमलेलं नाही.