शब्दचर्चा : सूचनाफलकावरची 'कळ', 'जळजळ' आणि 'दडपण'

डिचोलीकर

आमच्या गावच्या वाचनालयाच्या फलकावर चतुर्थीआधी एक सूचना लावायची आहे. हार्ट अटॅकची लक्षणं कोणती आणि ती ॲसिडिटीपेक्षा वेगळी कशी, एवढाच विषय. मसुदा मी केला आहे, दोन रकान्यांत :

"हृदयविकाराचा झटका : छातीत डाव्या बाजूला अचानक तीव्र कळ येणे, कळ डाव्या हातात जाणे, दरदरून घाम येणे, श्वास लागणे.

ॲसिडिटी : छातीत जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे. अँटासिड घेतल्यावर आराम पडतो."

प्रश्न शब्दांचा आहे. 'वेदना' पुस्तकी वाटला म्हणून 'कळ' लिहिलं. ते चालेल का? वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे. घरात कोकणी बोलतात, वाचतात मराठी.

म्हापशेकर गुरुजी

'कळ' काढा. कळ येते आणि जाते. दाढेत कळ येते, पोटात कळ येते, माणूस क्षणभर वाकडा होतो आणि सरळ होतो. तिच्यात टोचल्याचा, कापल्याचा भाव आहे. हृदयाचं दुखणं बहुतेक वेळा तसं नसतं, असं ऐकून आहे. तिथं 'दडपण', 'आवळल्यासारखं', 'छातीवर ओझं ठेवल्यासारखं' हे शब्द हवेत.

'जळजळ' मात्र अगदी योग्य. मी तर म्हणेन, सगळी सूचना एका ओळीत बसते : जळजळ असेल तर पोट, दडपण असेल तर हृदय. सुटसुटीत आणि लक्षात राहणारं.

काणकोणकर

ॲसिडिटीला 'आम्लपित्त' हा चांगला शब्द असताना इंग्रजी कशाला? आणि उपाय लिहायचाच तर फुटी कढी लिहा. आमच्याकडे जेवणानंतर पोट जड झालं की वाटीभर फुटी कढी, दोन ढेकर, काम झालं.

फोंड्याची सिस्टर

गुरुजींचं 'कळ'बद्दलचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ती एक ओळ मात्र फलकावर लिहू नका, कळकळीने सांगते. कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आहेत. 'जळजळ म्हणजे पोट' हे धरून घरी बसलेली माणसं तिथं पाहिली आहेत.

एक सांगते. साठीच्या आसपासचे काजू बागायतदार, चतुर्थीचेच दिवस. रात्री जेवण झालं आणि बरगड्या जिथं मिळतात त्या खळगीत जळजळ सुरू झाली. घरच्यांनी फुटी कढी दिली. मग दुकानातून पातळ औषध आणलं, ते दोन झाकणं घेतलं. ढेकर आले, थोडं बरं वाटलं. मग एक उलटी, थोड्या वेळानं दुसरी. घरच्यांना वाटलं, पित्त पडलं, आता मोकळं होईल. यात दोन तास गेले. मुलगा घेऊन आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "छातीत दुखतं का?" ते म्हणाले, "ना." खोटं बोलत नव्हते. त्यांना दुखत नव्हतंच.

मी जवळ गेले तर पंख्याखाली बसून शर्ट पाठीला चिकटलेला, हात गार, आणि सबंध तळवा खळगीवर दाबून धरलेला. मी विचारलं, "मग नेमकं कशें दिसता?" तेव्हा म्हणाले, "हड्डें जड जालां," म्हणजे छाती जड झालीय. हे शब्द ऐकल्यावर लगेच ईसीजी काढला. पहिल्या पट्टीत ठाम काही दिसेना. डॉक्टरांनी त्यांना तारांवरच ठेवलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी पट्टी काढली. तीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक स्पष्ट दिसला. नाडीही मंद झाली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देऊन त्यांना बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं. ते बरे होऊन घरी गेले.

हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्याच्या खालीच जठर. दोन्हीकडचे निरोप नेणाऱ्या नसा पुढे जवळजवळच मेंदूकडे जातात, त्यामुळे दुखणं नेमकं कुठलं हे शरीराला नीट सांगता येत नाही. म्हणून त्या भिंतीच्या अटॅकमध्ये मळमळ, उलटी, कधी उचकीसुद्धा. तुमच्या मसुद्यात 'मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे' हे तिन्ही ॲसिडिटीच्या रकान्यात गेलंय. माझ्या त्या रुग्णानं तुमचा फलक वाचला असता तर तो निश्चिंत होऊन झोपला असता.

काणकोणकर

पण औषधानं आराम पडला तर ॲसिडिटीच ना? आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, अँटासिड घेऊन बघा, फरक पडला तर काळजी नको.

फोंड्याची सिस्टर

तुमची जुनी, ओळखीची ॲसिडिटी असेल आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल, तर ते त्यांनी तुमच्यापुरतं सांगितलं. फलक सगळ्यांसाठी असतो. हृदयाचं दुखणं लाटेसारखं कमीजास्त होतं. ते उतरत असताना औषध घेतलं की श्रेय औषधाला जातं. शिवाय एकाच माणसाला एकाच रात्री दोन्ही असू शकतं. म्हणून 'आराम पडतो' हे वाक्य त्या मसुद्यातलं सगळ्यात धोक्याचं.

पेडण्याची सून

माझ्या सासूबाईंचं सांगू का, शब्दांशी थेट संबंध आहे की नाही माहीत नाही. त्यांना मधुमेह आहे. छातीत काही म्हणजे काहीच नव्हतं. सकाळपासून म्हणत होत्या, "दांत दुखता, आनी कशेंशेंच जाता." आम्ही दाताच्या डॉक्टरकडे जायची तयारी करत होतो. न्हाणीपासून ओसरीपर्यंत चालताना दम लागला, तोंड पांढरं पडलं, तेव्हा 108 ला फोन केला. अटॅक निघाला. तुमच्या फलकावरची एकही ओळ त्यांना लागू पडली नसती, 'श्वास लागणे' सोडून. आणि तेही आम्ही वयाला धरलं असतं.

फोंड्याची सिस्टर

अगदी थेट संबंध आहे. मधुमेहात नसा बधिर होतात, दुखणं पोचतच नाही. बायकांत आणि वयस्करांतही हे जास्त दिसतं : दम, एकदम गळून जाणं, जबडा, पाठ, अस्वस्थपणा. सासूबाईंचा तो 'कशेंशेंच जाता', मराठीत 'कसंसंच होतंय', हा आमच्या कामात फार मोलाचा शब्द. कुणी म्हातारं माणूस घामाघूम होऊन असं म्हणालं तर आधी ईसीजी, मग बाकीचं.

घामाबद्दलही एक. 'दरदरून घाम' आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यांनाच येतो. 'बसल्या जागी गार घाम' असं लिहा. अंग गार आणि ओलं, हाच फरक आहे.

आणि फक्त डाव्या हातावर भर नको. उजव्या हातात किंवा दोन्ही हातांत जाणारं दडपण तितकंच, खरं तर जास्तच, गांभीर्यानं घ्यावं लागतं.

म्हापशेकर गुरुजी

सिस्टर, माझी ओळ मागे घेतो. 'दडपण'बद्दल आता मलाच एक शंका आहे. आपण 'परीक्षेचं दडपण', 'कामाचं दडपण' म्हणतो. 'छातीवर दडपण' वाचून एखाद्याला ही चिंतेची गोष्ट वाटेल. 'छाती भरून येणे' तर मुळीच नको. त्याचा एक अर्थ गहिवर, आणि आपल्याकडे 'छाती भरली' म्हणजे कफ झाला. त्यापेक्षा त्या बागायतदारांचा शब्द घ्या. 'छाती जड होणे' मराठीत कळतं आणि कोकणीत तेच म्हणतात.

'झटका'ही मला खटकतो. झटका म्हटलं की माणूस धाडकन पडणार असं डोळ्यांसमोर येतं. इथं तर दोन तास ढेकर देत बसलेला माणूस आहे. सरळ 'हार्ट अटॅक' लिहा. तो शब्द आता घराघरांत आहे.

डिचोलीकर

'हार्ट अटॅक'वर आमच्या समितीतले दोघे अडून बसतील, मराठी वाचनालय आहे म्हणून. बघतो. पण सिस्टर, ॲसिडिटीचा रकानाच काढायचा का? लोक नेमकं तेच विचारतात, फरक काय म्हणून.

फोंड्याची सिस्टर

माझं मत : रकाने नकोत. दोन रकाने दिसले की माणूस आपल्याला हवा तो निवडतो, आणि भीती वाटत असेल तर ॲसिडिटीच निवडतो. खाली एक परिच्छेद ठेवा. ॲसिडिटीची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवं पडल्यावर घशाकडे चढते, तोंडात आंबट पाणी येतं आणि चालण्यानं वाढत नाही. हृदयाचं दुखणं पुष्कळदा चढण चढताना, ओझं उचलताना येतं आणि उभं राहिलं की ओसरतं. असं आठवडाभर होत असेल तर तीही सूचनाच, अटॅकची वाट बघायची नाही. पण 'बहुधा' आणि 'पुष्कळदा' हे शब्द गाळू नका. बागायतदारांचं जेवणानंतरच सुरू झालं होतं.

काणकोणकर

मग एक कामाची गोष्ट तरी घाला. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा आणि डिस्प्रिन चघळा. आमच्या पाकिटात कायम असतं.

फोंड्याची सिस्टर

सॉर्बिट्रेट फलकावर अजिबात नको. तुम्हाला तुमच्या डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांनी सांगितलं तसं घ्या. पण खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधी हृदयाची उजवी बाजूही सापडते, तेव्हा त्या गोळीनं रक्तदाब एकदम कोसळू शकतो. त्या रात्री शेजाऱ्यानं बागायतदारांना ती दिली असती तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. डिस्प्रिनमधल्या ॲस्पिरिनचा उपयोग होतो हे खरं. पण कुणाला तिची ॲलर्जी असते, कुणाच्या पोटात अल्सरचं रक्त जात असतं. 108 वर विचारून घ्या, असं मी लिहीन. काही डॉक्टर सरळ लिहा म्हणतील. इथं मतभेद आहेत.

108 बद्दल एवढं जरूर लिहा की स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत निघू नका. आणि 'थेट बांबोळीलाच नेऊ' असा हट्टही नको. स्टेमी गोवा योजनेत तालुक्याच्या ठिकाणी काढलेला ईसीजी गोवा मेडिकल कॉलेजचे हृदयरोगतज्ज्ञ तिकडे बसून बघतात आणि इंजेक्शन जवळच्या केंद्रातच सुरू होतं.

डिचोलीकर

नवा मसुदा :

"हार्ट अटॅक : छातीच्या मध्यभागी जड वाटणे, आवळल्यासारखे किंवा दाबल्यासारखे होणे. कधी जळजळसुद्धा. हे एका किंवा दोन्ही हातांत, पाठीत, मानेत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. बसल्या जागी गार घाम, दम लागणे, मळमळ, उलटी, एकदम गळून जाणे, कसेसेच होणे. मधुमेह असलेल्यांना, बायकांना आणि वयस्करांना छातीत काहीही न दुखता एवढेच होऊ शकते. पाच मिनिटांत थांबले नाही तर 108 ला फोन करा. ढेकर आला, औषधाने बरे वाटले, तरी घरी थांबू नका. स्वतः गाडी चालवू नका."

खाली लहान अक्षरांत ॲसिडिटीचा परिच्छेद, सिस्टरनी सांगितला तसा.

फोंड्याची सिस्टर

त्या परिच्छेदाच्या शेवटी घाला : "अशी जळजळ पहिल्यांदाच होत असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळी वाटत असेल तर ती ॲसिडिटी धरू नका." आणि पाच मिनिटांची वाट फक्त जड वाटण्यापुरती. गार घाम किंवा दम सोबत असेल तर लगेच फोन.

पेडण्याची सून

'जबड्यात' नको. आमच्या घरात तो शब्द कुणी बोलत नाही. सासूबाई 'दांत'च म्हणाल्या होत्या. 'दातांत, हनुवटीपाशी' लिहा.

डिचोलीकर

लिहिलं. पाच मिनिटांचीही दुरुस्ती केली. 'हार्ट अटॅक' की 'हृदयविकाराचा झटका' हे रविवारी समितीत ठरेल. गुरुजी, त्या बैठकीला तुम्ही आलात तर बरं होईल.