प्रतिसाद: थकबाकीच्या नोटिशीला तात्पुरतं उत्तर

"वकील गौरी-गणपतीनंतर भेटणार. तोवर 'थोडी मुदत द्या, पैसे देतो' एवढं कळवलं तर चालेल ना?"

नका कळवू. थकबाकीसाठी कोर्टात दावा करण्याची मुदत साधारण 3 वर्षं असते. ती संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणं कबूल केलंत, तर मुदत कायदा, 1963 च्या कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. आमचा देवगडला आंब्याच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. डब्यांच्या बिलापोटी 1,84,000 रुपयांची नोटीस आली. त्यातले बरेचसे डबे गंजके म्हणून आम्ही परत पाठवले होते, तरी भाऊ 'हप्त्याने देतो' असं लिहायला बसला होता. मी कागद काढून घेतला आणि एवढंच लिहिलं:

"आपली दि. … ची नोटीस दि. … रोजी मिळाली. त्यातील मजकूर आम्हांस मान्य नाही. बिलं व माल पोचल्याच्या पावत्यांच्या प्रती पाठवाव्यात. सविस्तर उत्तर आमचे वकील देतील. हे पत्र आमच्या सर्व हक्कांना बाध न येता दिले आहे."

डबे, गंज, फोनवरचं बोलणं, काहीच घातलं नाही. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवलं आणि नोटिशीचं पाकीट शिक्क्यासकट जपलं, कारण दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात.

मात्र नोटीस चेक न वटल्याची असेल, तर अशा पत्राने पैसे भरायची मुदत थांबत नाही. मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरली नाही तर नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तसं असेल तर आजच ओरोसला जिल्हा कोर्टाजवळ दुसरा वकील गाठा, चतुर्थी असली तरी.