‘सेंटिमेंट’ म्हणजे भावना, कल की सूर?

मेघना: व्हिडिओखालच्या कमेंट आपोआप तपासून, प्रेक्षकांचा मूड अचानक फिरला तर इशारा देणाऱ्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत लिहितेय. ‘भावना विश्लेषण’ लिहिलं की राग, दुःख, आनंद असं काही वाटतं. दुसरा शब्द?

वसंत: मनोभाव-परिवर्तन-दर्शक.

मेघना: काका, बटणावर मावायला हवा.

अनिरुद्ध: हे काम करतो म्हणून सांगतो. यातली बरीच सॉफ्टवेअर राग-लोभ ओळखत नाहीत. प्रत्येक कमेंटवर अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ असा शिक्का मारतात, एवढंच. म्हणून ‘कल’ म्हणा. मतमोजणीच्या दिवशी सगळेच ‘कल हाती आले’ म्हणतात.

सुजाता: मग अनुकूलला अधिक एक, तटस्थला शून्य, प्रतिकूलला उणे एक धरायचं आणि सरासरी खाली आली की ‘कल बदलला’. सोपं आहे.

अनिरुद्ध: अर्धंच बरोबर. ‘पहिली कमेंट’, ‘साहित्य काय?’ अशा तटस्थ कमेंटांचा भरणा असला की सरासरी फारशी हलत नाही. प्रतिकूल कमेंटांचा वाटा बघायचा. समजा एरवी शंभरात ८ प्रतिकूल असतात. निव्वळ योगायोगाने हा आकडा साधारण पावणेतीनने वरखाली होतो. त्याची तिप्पट सूट दिली तर १६च्या वर गेल्यावर घंटा वाजवायची. पण फक्त २५ कमेंट आल्या असतील तर हीच रेघ २४ टक्क्यांवर जाते, म्हणजे किमान ७ प्रतिकूल हव्यात. पहिल्या दहा मिनिटांत खोटे इशारे येतात ते ही रेघ न हलवल्यामुळे.

रुक्साना: माझं रेसिपीचं चॅनल आहे. मटणाच्या व्हिडिओवर ‘खतरनाक’, ‘नाद खुळा’, ‘जाळ अन् धूर संगटच’ असा पाऊस पडला आणि सॉफ्टवेअर म्हणालं, प्रेक्षक नाराज! उलट एकदा माइक बंद राहिला, ‘ताई आवाज येत नाहीये’ म्हणून सगळे ओरडत होते, तर इशारा नाही. ते सगळं तटस्थात गेलं होतं.

अनिरुद्ध: अगदी नेमकं. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२१मध्ये सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी मराठी ट्वीट्सवर असे शिक्के मारून संच काढला, पण ट्वीटची मराठी वेगळी आणि रेसिपीखालची वेगळी. इशारा आला की आधी त्या तासातल्या वीसेक कमेंट डोळ्यांनी वाचायच्या. ‘आवाज’सारखा एकच शब्द अचानक किती वेळा येतोय याची मोजणी वेगळी ठेवायची.

वसंत: वाईट कमेंट काढून टाकल्या की झालं ना?

रुक्साना: काका, मग कळणार कसं?

सुजाता: एक शंका. व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत पोचला आणि ते टीका करू लागले, तर कल बदलला म्हणायचं का? माणसंच बदलली.

अनिरुद्ध: खरंय. नेहमीच्या कमेंट करणाऱ्यांचा वाटा वेगळा काढला तर फरक दिसतो. पण त्यांचं बोलणं फिरलं, त्याला मी ‘सूर बदलला’ म्हणेन. कल गर्दीचा, सूर आपल्या माणसांचा.

मेघना: ही फोड सगळ्यांना पटेल असं नाही, ‘सूर’ ऐकून गाण्याचं ॲपही वाटेल. तूर्त बटणावर ‘कल’ टाकते.

वसंत: परिवर्तन तरी ठेवा.